मोंताज आणि जंप कट: नक्की फरक काय? (कुंद्याच्या शूटवरून अडलोय)

शहापूरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला राहतो, सिनेमाच्या कोर्सचं पहिलं वर्ष चालू आहे. तीन मिनिटांची फिल्म करून आणायची होती, संवाद नकोत अशी अट. माझे मामा मिठाईच्या दुकानामागं भट्टीवर कुंदा करतात, म्हटलं तेच घेऊ. मोबाइल ट्रायपॉडवर लावला, समोर कढई, मागं मामा, आणि सव्वा तास फ्रेम हलवली नाही. दूध आटत गेलं, रंग बदामी होत गेला, मामा उलथनं फिरवत राहिले. मग बसून मधले कंटाळवाणे भाग कापले आणि तीन मिनिटांत आणलं.

सरांनी बघितलं आणि म्हणाले, "हे सगळे जंप कट झालेत. मोंताज कर इथं." मी "हो सर" म्हणून बाहेर आलो. काय कळलं नव्हतं. रूममेट म्हणाला, कापू नकोस, सगळा शॉट फास्ट कर आणि गाणं टाक, झालं मोंताज. तसं केलं तर मामा चार्ली चॅप्लिनसारखे उलथनं हलवायला लागले. आई हसून हसून बेजार, मामा मात्र दोन दिवस बोलले नाहीत.

तर जंप कट ही चूक आहे की पद्धत? आणि मोंताज म्हणजे नक्की काय करायचं? व्याख्या नेटवर वाचल्यात, पण माझ्या कढईला त्या लागू होईनात.

निपाणी_एक्सप्रेस

सोपं आहे मित्रा. एका जागेवरून एकदम दुसऱ्या जागी उडी मारली की जंप कट. हिरो घरात चहा पितोय, कट, हिरो थेट बाजारात. आणि गाण्यावर पटापट शॉट टाकून बराच काळ थोडक्यात दाखवला की मोंताज. हिरो व्यायाम करतो, घाम, डंबेल, पहाट, परत घाम, आणि गाणं संपेपर्यंत तयार. तुझ्या रूममेटचं बरोबर होतं, गाणं चुकीचं निवडलं असणार.

खानापूर_फोटो_व्हिडिओ

आम्ही मोंटाज करून देतोय की! बारा फोटो एका फ्रेममध्ये, मध्ये नवरा-नवरी मोठे, कडेनं हळद, अंतरपाट, वरात. लॅमिनेशनसकट. पण तुमच्या कुंद्याला कशाला पायजे ते? दुकानात लावणार हाय काय?

जुना_स्प्लायसर

खानापूरकर, तुमचा मोंटाज वेगळा असला तरी शब्द तोच आहे. सुटे तुकडे शेजारी लावून एक चित्र उभं करणं. आमच्यात ते तुकडे शेजारी न लागता एकामागून एक लागतात, एवढाच फरक.

निपाणीकर, मोंताजचं तुमचं अर्धं बरोबर आहे, जंप कटचं मात्र उलटं झालंय. हिरो घरात आणि पुढच्या क्षणी बाजारात, हा साधा कट आहे. त्यात डोळ्याला धक्का बसत नाही, कारण भिंती, उजेड, माणसाचा आकार सगळंच बदललेलं असतं आणि बघणारा मुकाट नवी जागा मान्य करतो. धक्का बसतो तो जवळजवळ काहीच बदललेलं नसताना. मामा तिथंच, कढई तिथंच, कॅमेरा तिथंच, फक्त उलथनं डावीकडं होतं ते क्षणात उजवीकडं आलं. डोळा ते एकच चालू चित्र समजून बघत असतो, त्यामुळं आपण कापलंय असं त्याला वाटतच नाही. वस्तूनंच उडी मारली असं वाटतं. ती उडी म्हणजे जंप.

पोरा, एक करून बघ. कुठल्याही कटवर थांब. आधीच्या तुकड्याची शेवटची फ्रेम आणि पुढच्याची पहिली, या दोन्हींत बाणाच्या कळीनं मागं-पुढं जा. माणूस तोच, आकार तेवढाच, कॅमेऱ्याची बाजू तीच आणि फक्त हात नाहीतर मान उडाली, तर तो जंप कट. तो टाळायचा असेल तर शूटच्या वेळीच कॅमेरा निदान 30 अंश बाजूला न्यायचा आणि शक्यतो फ्रेमचा आकारही बदलायचा, असा जुना ठोकताळा आहे. 30 म्हणजे काही कायदा नव्हे. बाजू बदलली हे बघणाऱ्याला नि:संशय कळलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

शॉट फास्ट करणं यात कुठंच बसत नाही. तिथं तू काही जोडलंच नाहीस, एकच शॉट पळवलास. जुन्या मूकपटांतली माणसं पळताना दिसतात तीही पुष्कळदा अशीच. कमी वेगानं घेतलेली फिल्म सेकंदाला 24 फ्रेमनं दाखवली की चालणारा माणूस पळतो. तुझे मामा त्याच रांगेत जाऊन बसले.

शहापूरचा_पोरगा

काका, मग ही चूकच ना? पण सरांनीच वर्गात फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या फिल्मचा तुकडा दाखवला होता, त्यात सगळे जंप कटच होते आणि तेव्हा कौतुक चाललं होतं. त्यानं केलं की कला, मी केलं की परत कर.

जुना_स्प्लायसर

प्रश्न रास्त आहे.

1960 ची ती फिल्म, 'ब्रेथलेस' नावानं आपल्याकडं माहीत आहे. पहिली जोडणी फार लांब झाली होती. अशा वेळी लोक एखादा प्रसंगच उचलून टाकतात. त्यानं प्रसंग ठेवले आणि त्यांच्या पोटातून तुकडे काढले. उघड्या मोटारीतली मुलगी आठव. कॅमेरा तिच्या पाठीमागं आहे, मान तीच, केस तेच, आणि दर कटला मागचं पॅरिस उडतं. रस्ता बदलतो, ऊन-सावली बदलते. आता परत बघ, पण या वेळी डोळे मिटून. चालवणाऱ्या माणसाचं बोलणं तुटत नाही. तिच्या मानेपासून गुडघ्यांपर्यंत एकेकाचं कौतुक चाललंय, आणि चित्र त्या यादीच्या तालावर उडतंय. आवाजानं धरून ठेवलंय म्हणून चित्राला उडायची मुभा मिळाली.

आता तुझी टाइमलाइन. चित्र कापलंस तेव्हा खालचा आवाजही तिथंच कापला गेला असणार. कढईच्या तळाला उलथनं घासल्याचा जो खर्र आवाज येतो, तो दर कटला मध्येच तुटत असेल. बघणाऱ्याला ते "क्लिप अडकली" असं वाटतं. सव्वा तासातला सलग तीन मिनिटांचा चांगला आवाज निवड, तो अखंड खाली टाक आणि त्याच्यावर चित्र उडू दे. निम्मी चूक तिथंच जाईल.

दुसरी गोष्ट, किती कापलंस? अर्धा सेकंद काढलास तर ते मोबाइल हँग झाल्यासारखं दिसतं. तेच दहा मिनिटं काढलीस, दूध दोन बोटं खाली गेलं, रंग पांढऱ्यावरून साईवर आला, की बघणाऱ्याला कळतं, हा वेळ मुद्दाम गिळलाय. आणि अख्ख्या फिल्ममध्ये एकच जंप कट असला की चूक वाटते. ओळीनं चार आले की तीच पद्धत वाटते. हे नियमानं सांगता येत नाही, पण टेबलावर वर्षानुवर्षं असंच बघितलंय.

खानापूर_फोटो_व्हिडिओ

काका, आता माझं ऐका. मागच्या महिन्यात एका रिटायर गुरुजींची मुलाखत घेतली, सत्काराला दाखवायची म्हणून. गुरुजी दर वाक्याला "म्हणजे काय झालं" म्हणून थांबतात. ते सगळं काढलं तर गुरुजींची मान टकाटक उडायलीय. घरचे म्हणाले, काय बी केलास काय रे, गुरुजींना उचकी लागल्यासारखं दिसायलंय. सत्कार रविवारी हाय.

जुना_स्प्लायसर

हा अगदी नेमका जंप कट, आणि सत्काराला नको असलेला.

पहिला उपाय, झाकणं. कटच्या जागी गुरुजींचे हात, चष्मा, भिंतीवरचा जुना वर्गाचा फोटो, असं दोन-तीन सेकंद वर टाका, खाली त्यांचा आवाज चालू ठेवा. असे शॉट घेतले नसतील तर आजच जाऊन घ्या. गुरुजी घरीच असतील.

दुसरा, 4K मध्ये घेतलं असेल आणि 1080 मध्ये द्यायचं असेल तर एक तुकडा आहे तसा ठेवा आणि पुढचा 125-130 टक्के मोठा करा. चेहरा जवळ आला म्हणजे दुसरा कॅमेरा होता असं वाटतं. 105 टक्के केलात तर मात्र उचकी वाढेल, कारण बदल झाला खरा पण झाल्यासारखा वाटत नाही. दर कटला आत-बाहेरही करू नका, वाक्याचा विषय बदलेल तिथंच करा.

तिसरा, Premiere मध्ये Morph Cut आणि Resolve मध्ये Smooth Cut आहे. दोन फ्रेमच्या मधला चेहरा सॉफ्टवेअर स्वतः बनवतं. मान जवळजवळ त्याच जागी असेल तरच चालतं. मागून कोणी गेलं किंवा हात तोंडाशी आला की चेहरा मेणासारखा वितळतो.

आणि एक सांगतो, सगळी "म्हणजे काय झालं" काढू नका. दोन-तीन राहू द्या. नाहीतर त्यांचे विद्यार्थी म्हणतील, हे आमचे गुरुजी नव्हेत.

निपाणी_एक्सप्रेस

बरं, जंप कटचं मानलं. पण यूट्यूबवाले दर वाक्याला असंच कापतात, तिथं कोणाला उचकी दिसत नाही.

जुना_स्प्लायसर

दिसते. सवय झाली. तिथं माणूस थेट आपल्याकडं बघून बोलतो, त्यामुळं कॅमेरा आहे हे लपवायचंच नसतं. कुंद्याच्या फिल्ममध्ये मामांनी एकदाही कॅमेऱ्याकडं बघितलेलं नाही. म्हणून तीच काटछाट तिथं खटकते.

चिकोडीची_वाचक

मी सिनेमावाली नाही, मराठी शिकवते, पण मोंताजबद्दल बोलायचं राहूनच जातंय म्हणून लिहिते.

माझ्या समजुतीप्रमाणं मोंताजचा काळ थोडक्यात दाखवण्याशी मुळात संबंध नाही. रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइननं चित्रलिपीचं उदाहरण दिलंय. डोळ्याचं चिन्ह आणि पाण्याचं चिन्ह शेजारी ठेवलं की "रडणं" होतं. डोळ्यात रडणं नाही, पाण्यात नाही, ते दोघांच्या मध्ये आहे. जात्यावरच्या ओव्यांत हे आपल्याकडं कायम होतं. एका ओळीत शेजारच्या झाडाचं काहीतरी, पुढच्या ओळीत माहेर, मध्ये "जसे" नाही की "तसे" नाही. जोडणी ऐकणाऱ्यानं करायची.

म्हणून निपाणीकरांचा व्यायाम मला मोंताज वाटतच नाही. ती यादी आहे. घाम आणि डंबेल यांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही.

जुना_स्प्लायसर

ताई, अदलाबदलीची कसोटी आवडली, उचलतो. पण निपाणीकरांना एकदम बाहेर काढू नका. या एकाच शब्दाला तीन गावांत तीन अर्थ आहेत आणि विद्यार्थी तिथंच घसरतात.

फ्रेंचमध्ये मोंताज म्हणजे जोडणी. आपल्या उद्यमबागेतला फिटर सुटे भाग बसवून पंप उभा करतो, तेही मोंताजच. त्यामुळं फ्रान्समध्ये सगळ्या संकलनालाच तो शब्द आहे. रशियात 1920 च्या दशकात ताई म्हणतात तो अर्थ पक्का झाला, दोन शॉटच्या टकरीतून तिसरी गोष्ट. हॉलिवूडनं तो शब्द उचलला आणि कॅलेंडरची पानं उडतात, आगगाडी धावते, वर्तमानपत्राचे मथळे फिरतात, अशा काळ गिळणाऱ्या तुकड्याला लावला. निपाणीकरांचा व्यायाम या तिसऱ्या गावचा. सरांना कुठला अर्थ हवाय ते पोरानं विचारायलाच हवं होतं. "हो सर" म्हणून बाहेर येणं ही खरी चूक.

रशियन अर्थातलंही एक सांगतो. आयझेनस्टाइनच्या 1925 च्या 'स्ट्राइक'मध्ये शेवटी संपकरी कामगारांवर गोळीबार होतो आणि मध्ये मध्ये कत्तलखान्यात बैल कापताना दाखवलाय. माणसांना जनावरासारखं मारलं, हे शब्दाविना कळावं म्हणून. पण त्यानंच नंतर लिहिलंय की शेतकऱ्यांवर याचा परिणाम व्हायचा नाही, कारण जनावर कापणं त्यांच्या रोजच्या जगण्यातलं. त्यांना त्यात कत्तल दिसत नाही, जेवण दिसतं. म्हणजे दोन शॉटच्या मधली ती तिसरी गोष्ट पडद्यावर नसतेच, ती बघणाऱ्याच्या घरून येते.

पोरा, हे तुझ्या कढईला लागू आहे. दूध उतू जाताना दाखवून पुढं मामांचा चेहरा ठेवलास तर शहरातला परीक्षक म्हणेल, वा, आतला राग. आमच्या गल्लीतली बाई म्हणेल, अरे गॅस बारीक कर की.

शहापूरचा_पोरगा

हे भारी आहे. पण माझ्याकडं एकच फ्रेम आहे काका. टक्कर कशाची कशाशी करू? मोबाइलमध्ये इकडचे तिकडचे घेतलेले चार शॉट आहेत. मामांच्या मनगटावर भाजल्याचे जुने डाग आहेत, ते जवळून. जाळाच्या उजेडात मामांचा चेहरा, काही करत नाहीत, नुसते बघतात. पुढं काउंटरवर रिकाम्या खोक्यांची थप्पी आणि लाल रिबिनीचं रीळ. आणि एक लहान मुलगी काचेला नाक लावून उभी.

जुना_स्प्लायसर

अरे, मग सोनं घेऊन बसलायस आणि भीक मागतोयस.

मामांचा तो काही न करणारा चेहरा सगळ्यात मोलाचा. त्याच काळातल्या रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हनं एका नटाचा निर्विकार चेहरा घेऊन त्याच्या शेजारी एकदा सूप, एकदा शवपेटी, एकदा बाई असे शॉट लावले, आणि लोकांना त्याच चेहऱ्यात भूक, दुःख, वासना दिसली, अशी गोष्ट सांगतात. मूळ फिल्म आज बघायला मिळत नाही, त्यामुळं लोकांनी खरंच काय म्हटलं त्यावर फार जोर देऊ नकोस. पण टेबलावर तू स्वतः करून बघू शकतोस. चेहरा, मग काचेला नाक लावलेली मुलगी, मग परत चेहरा. मामा मायाळू दिसतील. मुलीच्या जागी रिबिनीचं रीळ टाक. तेच मामा थकलेले दिसतील. चेहऱ्याची क्लिप तीच, एक फ्रेमही न बदलता.

मी असतो तर असं लावलं असतं. आधी तुझी लांब फ्रेम, आठ-दहा सेकंद, बघणाऱ्याला जागा कळू दे. मग तिच्यातच चार जंप कट, दूध खाली खाली जाताना, खाली अखंड खर्र आवाज. मग मनगटावरचा डाग, तीन सेकंद. लगेच लाल रिबिनीचं रीळ, तेही तीन. इथं आवाज बंद. मध्ये काही सांगू नकोस, संगीत नको. मग चेहरा, सहा सेकंद तरी. तो लांबव, कारण बघणारा तिथं जोडणी करत असतो, त्याला वेळ लागतो. पहिल्यांदा करणारी पोरं नेमका हाच शॉट छोटा करतात.

मग ताईंची कसोटी लाव. रिबीन आधी, डाग नंतर. आधीच्या क्रमात "या खोक्यामागं हा हात आहे" असं वाटेल, उलट्यात काहीशी तक्रार वाटेल. अर्थ हलला तर मोंताज लागलं. नाही हलला तर नुसती यादी.

चिकोडीची_वाचक

एक शंका. ते जे चार जंप कट ओळीनं ठेवायला सांगितलेत, दूध पांढरं, साईचं, बदामी, त्यांनाही मोंताजच का म्हणू नये? काळ गिळलाय, क्रम बदलला तर बिघडतं, आणि "आयुष्य आटलं" असं काही मला तरी वाटेल.

जुना_स्प्लायसर

मी म्हणणार नाही. तिथं शॉट एकच आहे, त्याला भोकं पाडलीत. टकरीला दोन वेगळ्या गोष्टी लागतात.

चिकोडीची_वाचक

पांढरं दूध आणि बदामी कुंदा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत?

जुना_स्प्लायसर

वस्तू म्हणून आहेत, शॉट म्हणून नाहीत. पण माझ्याबरोबर काम केलेले दोघं या बाबतीत तुमच्या बाजूनं भांडले असते, हेही खरं.

निपाणी_एक्सप्रेस

म्हणजे जंप कटचं मोंताज पण होऊ शकतं. परीक्षेत फरक लिहायला आला तर पोरानं काय लिहायचं? 😄

शहापूरचा_पोरगा

काल रात्री काका म्हणाले तसं लावलं. अखंड आवाजानं खरंच फरक पडला, उड्या आता खटकत नाहीत. पण एक नवीनच भानगड दिसली. वाफ आली की मोबाइलनं आपोआप उजेड कमी-जास्त केलाय, त्यामुळं दर कटला मागची भिंत एकदा पिवळी, एकदा राखाडी. दुधाचा रंग बदलला की मोबाइलनं बदलला तेच कळत नाही.

डाग आणि रिबीन दोन्ही क्रमांनी आईला दाखवली. पहिल्याला काही बोलली नाही. दुसऱ्याला म्हणाली, "ह्याला मलम लावायला सांग की, किती दिवस असं ठेवणार."

जुना_स्प्लायसर

आईंचं उत्तर जपून ठेव.

भिंतीचं असं कर. प्रत्येक तुकड्यात भिंतीचा तोच कोपरा धरून रंग आणि उजेड पहिल्या तुकड्याशी जुळव. भिंत जुळली की उरेल तो बदल खरा दुधाचा. पुढच्या वेळी स्क्रीनवर बोट दाबून उजेड आणि फोकस धरून ठेवणारं AE/AF Lock येऊ दे आणि मगच सुरू कर. तरी पांढरा समतोल काही मोबाइलमध्ये हलतो. कॅमेरा ॲपच्या Pro मोडमध्ये तो हातानं ठरवता आला तर उत्तम.

शहापूरचा_पोरगा

भिंत जुळवली, आणि दूध वाटलं होतं तेवढं बदामी झालंच नव्हतं! शेवटचा बदामी तुकडा निम्मा मोबाइलनं केला होता. मामांना सांगितलं तर म्हणाले, मी तेव्हाच म्हटलं होतं, अजून अर्धा तास थांब, तू कॅमेरा उचलून गेलास.

शुक्रवारी परत जातोय, या वेळी शेवटपर्यंत. सरांना विचारलंही, मोंताज म्हणजे तुमच्या मनात कुठलं. म्हणाले, "करून आण, मग बोलू."

खानापूर_फोटो_व्हिडिओ

गुरुजींचं झालं बघा. हातांचे शॉट घ्यायला गेलो तर गुरुजी परत दोन तास बोलले, त्यातलं बी "म्हणजे काय झालं" काढायचं राहिलंय. शुक्रवारी शूटला येऊ काय रे पोरा? माझ्याकडं दुसरा कॅमेरा हाय, 30 अंश बाजूला लावतो. पैसे नको, कुंदा दे.

शहापूरचा_पोरगा

या की दादा. सकाळी सातला भट्टी पेटते.